फ्रान्समधल्या औषधाच्या दुकानात: ताप, कोरडा खोकला आणि एक सरावाचा संवाद

फ्रान्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिला खरा फ्रेंच संवाद बहुधा औषधाच्या दुकानात करावा लागतो. भाजी न बोलताही घेता येते, बसचं तिकीट मशीनवर मिळतं. तापाची गोळी मात्र तोंड उघडल्याशिवाय मिळत नाही. पॅरासिटामॉल इथे सुपरमार्केटात विकतच नाहीत. औषधविक्रीचा अधिकार फक्त 'फार्मासी'ला आहे. त्यात 2020च्या जानेवारीपासून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन ही औषधं गिऱ्हाइकाच्या हाताला लागणाऱ्या मांडणीतून काढून काउंटरमागे ठेवलेली आहेत. म्हणजे मागावंच लागतं, आणि मागितलं की समोरून प्रश्न येतात. गोळी मागणं एका वाक्यात होतं. अडखळायला होतं ते या प्रश्नांपाशी, म्हणून या लेखात प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

आपण एकच प्रसंग घेऊ. ल्यों शहरात सप्टेंबरपासून शिकणारी एक मराठी मुलगी आहे. कालपासून ताप, घसा दुखतोय, कोरडा खोकला. ती फार्मासीत जाते. तुम्ही तिची भूमिका करायची, आणि सोबत शिकणाऱ्या कुणीतरी औषधवाल्या बाईंची.

उच्चारांची खूण

फ्रेंच वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून काढायचा, शेवटी 'न' किंवा 'म' ऐकू येऊ द्यायचा नाही. 'झ' म्हणजे 'श' म्हणताना घशातून आवाज काढला की जो ध्वनी येतो तो. 'ज़' हा 'जहाज'मधल्या 'ज'च्या जवळचा, पण त्यात 'द'चा अंश नाही. 'यु' लिहिलंय तिथे ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणायचं. 'द्यो', 'मस्यो' यांतला 'यो' म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला 'ए'. शब्दांमध्ये आडवी रेघ असेल तर ते जोडून म्हणायचे. एवढ्यावर समोरच्याला तुमचं बोलणं कळेल. बाकी कानांनी शिकायचं.

दारातून आत येताना

हिरव्या दिव्यांचा क्रॉस पेटलेला असला की दुकान उघडं आहे. आत काउंटरच्या थोडं अलीकडे जमिनीवर बहुतेक ठिकाणी एक रेघ किंवा पाटी असते. पुढच्या माणसाचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून तिच्या मागे थांबायचं. आपल्याकडे केमिस्टच्या काउंटरवर चार जण एकदम हात पुढे करून 'एक क्रोसिन द्या' म्हणतात आणि कुणाला काही वाटत नाही. इथे ते चालत नाही.

नंबर आला की पहिला शब्द 'बोँझूर'. नुसता नव्हे, 'बोँझूर मादाम' किंवा 'बोँझूर मस्यो'. संध्याकाळ झाली असेल तर 'बोँस्वार'. समोर विशीतली मुलगी असली तरी 'मादाम'च म्हणा. 'मादम्वाज़ेल' हा शब्द 2012मध्ये सरकारी अर्जांतून काढला गेला, आणि दुकानात तो अनेकींना खटकतो. अभिवादनानंतर क्षणभर थांबायचं. समोरून 'बोँझूर' परत आलं की मग कामाचं बोलायचं. हा क्षण गाळून थेट औषधाचं नाव घेतलं तर व्याकरण कितीही शुद्ध असो, बोलणं उद्धट वाटतं.

मराठीत 'द्या' या एका रूपात आदर आला. फ्रेंचमध्ये त्याचं शब्दशः रूप 'दोने-म्वा' हे हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं, आणि 'झ व्ह्यो', म्हणजे 'मला पाहिजे', हे हट्टी मुलाचं बोलणं वाटतं. म्हणून 'झ व्हूद्रे' पाठ करा: 'मला हवं होतं'. मराठीतही आपण नम्रपणे 'जरा एक काम होतं' म्हणतो, काम अजून व्हायचं असलं तरी. तीच युक्ती इथे क्रियापदात आहे. वाक्याच्या शेवटी 'सिल व्हू प्ले' जोडायचं. आणि सगळं बोलणं 'व्हू'मध्ये, म्हणजे 'तुम्ही'मध्ये. 'त्यु' हे 'तू' आहे, अनोळखी माणसाला ते कधीच नाही.

संवाद

ती: बोँझूर मादाम.
(नमस्कार.)

बाई: बोँझूर मादाम. झ व्हू-ज़ेकूत.
(नमस्कार. बोला, ऐकतेय.)

ती: झ व्हूद्रे केल्क शोज़ कोँत्र ल माल द गोर्झ ए ला तू, सिल व्हू प्ले.
(घसादुखी आणि खोकल्यावर काहीतरी हवं होतं.)

बाई: से पूर व्हू?
(तुमच्यासाठीच का?)

ती: वी, से पूर म्वा.
(हो, माझ्यासाठीच.)

बाई: दप्वी काँ?
(कधीपासून?)

ती: दप्वी इयेर स्वार.
(काल संध्याकाळपासून.)

बाई: व्हू-ज़ाव्हे द ला फ्येव्र?
(ताप आहे?)

ती: वी, त्राँत-उइ सँक.
(हो, साडेअडतीस.)

बाई: से युन तू सेश ऊ युन तू ग्रास?
(खोकला कोरडा की कफाचा?)

ती: युन तू सेश.
(कोरडा.)

बाई: व्हू प्रने दोत्र मेदिकामाँ?
(दुसरी काही औषधं चालू आहेत?)

ती: वी, झ प्राँ अँ त्रेतमाँ पूर ला तिरोईद.
(हो, थायरॉइडचं औषध चालू आहे.)

बाई: व्हू नेत पा आलेर्झिक?
(कसली ॲलर्जी नाही ना?)

ती: नोँ.
(नाही.)

बाई: व्हू-ज़ाव्हे व्ह्वायाझे रेसामाँ?
(इतक्यात कुठे प्रवास झाला?)

ती: नोँ, झ स्वी आ ल्योँ दप्वी सेप्ताँब्र.
(नाही, सप्टेंबरपासून ल्योंमध्येच आहे.)

बाई: दाकोर. पूर ला फ्येव्र, द्यु पारासेतामोल. अँ कोँप्रिमे मातँ, मिदी ए स्वार. पा प्ल्यु द त्र्वा पार झूर.
(ठीक. तापासाठी पॅरासिटामॉल. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक गोळी. दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही.)

ती: एक्सक्युज़े-म्वा, झ ने पा ब्यँ कोँप्री. व्हू पूर्ये रेपेते प्ल्यु लाँतमाँ, सिल व्हू प्ले?
(माफ करा, नीट कळलं नाही. जरा सावकाश परत सांगाल का?)

बाई: अँ कोँप्रिमे, त्र्वा फ्वा पार झूर. सिज़र मिनिमोम आँत्र द्यो कोँप्रिमे.
(एक गोळी, दिवसातून तीनदा. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास.)

ती: दोँक अँ कोँप्रिमे, त्र्वा फ्वा पार झूर, से ब्यँ सा? व्हू पूर्ये लेक्रीर स्युर ला ब्वात?
(म्हणजे एक गोळी, दिवसातून तीनदा, बरोबर? खोक्यावर लिहून द्याल का?)

बाई: ब्यँ स्युर. ए सी सा न पास पा दाँ त्र्वा झूर, इल फो व्ह्वार अँ मेद्सँ.
(नक्कीच. आणि तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.)

ती: दाकोर. सा फे कोँब्यँ?
(बरं. किती झाले?)

बाई: व्हू-ज़ाव्हे व्होत्र कार्त व्हीताल?
(तुमचं आरोग्यविम्याचं कार्ड आहे?)

ती: नोँ, पा-ज़ाँकोर. झ पेय पार कार्त.
(नाही, अजून नाही. बँकेच्या कार्डाने देते.)

बाई: व्ह्वाला. स्वान्ये-व्हू ब्यँ.
(हे घ्या. तब्येतीची काळजी घ्या.)

ती: मेर्सी बोकू. बोन झूर्ने, ओ रव्ह्वार.
(खूप धन्यवाद. दिवस चांगला जावो, येते.)

प्रश्नांच्या मागचं कारण

हे प्रश्न चौकशीखोरपणाचे नाहीत. प्रत्येक उत्तराने औषध बदलतं. कोरडा खोकला आणि कफाचा खोकला यांची औषधं उलट दिशेची असतात. एक खोकला दाबतं, दुसरं कफ मोकळा करतं. 'सेश' आणि 'ग्रास' हे दोन शब्द उलटसुलट झाले तर चुकीचं औषध हातात येतं, म्हणून ते वेगळे पाठ करा. सर्दी असेल तर 'झे अँ र्युम' म्हणायचं. 'झे फ्र्वा' म्हणजे थंडी वाजतेय, सर्दी झालीय असं नाही.

ताप सेल्सियसमध्ये सांगायचा. आपल्याला फॅरनहाइटची सवय, आणि 'शंभर ताप आहे' असं इथे म्हटलं तर समोरचा गोंधळेल. 100.4 म्हणजे 38, 101 म्हणजे साधारण 38.3, 102 म्हणजे 38.9. पहिल्याच आठवड्यात सेल्सियसचा थर्मामीटर घ्या, मग मनात गणित करावं लागत नाही. आकडा सांगताना 'दशांश' म्हणायची गरज नसते: 'त्राँत-उइ सँक' म्हणजे 38.5, 'त्राँत-नफ' म्हणजे 39.

चालू औषधांबद्दल विचारलं की औषधाचं मूळ नाव सांगा, भारतातल्या ब्रँडचं नको. क्रोसिन किंवा डोलो ही नावं इथे कुणाला माहीत नसतात. इथल्या खोक्यावर दोलिप्रान, दाफाल्गान किंवा एफेराल्गान असं लिहिलेलं असतं, आत औषध तेच. मात्र तेच असल्यामुळे एक धोकाही आहे. आईने बॅगेत भरून दिलेल्या डोलो आणि इथलं दोलिप्रान दोन्ही घेतलं तर पॅरासिटामॉल दुप्पट पोटात जातं आणि यकृतावर ताण येतो. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मोठ्या माणसाने दिवसाला 3 ग्रॅमच्या वर जायचं नाही असं फ्रान्समध्ये सांगतात. बाईंनी 'तीनपेक्षा जास्त नाही' म्हटलं ते 1 ग्रॅमच्या गोळीचं गणित आहे. घरात पन्नास किलोपेक्षा कमी वजनाचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी ही गोळी घेऊ नका, वजन सांगून वेगळी मागा.

रक्तदाबाचं औषध चालू असेल तर 'पूर ला ताँस्योँ', मधुमेहाचं असेल तर 'पूर ल द्याबेत'. गरोदर असाल तर कुणी विचारायची वाट न पाहता आधी सांगा: 'झ स्वी-ज़ाँसँत'.

ॲलर्जीच्या प्रश्नापाशी जरा थांबू, कारण इथे मराठी माणसाचा पाय हमखास घसरतो. प्रश्न नकारात आहे: 'ॲलर्जी नाही ना?' मराठीत आपण 'हो, नाही' असंही म्हणून जातो. फ्रेंचमध्ये नकारात्मक प्रश्नाला 'वी' म्हणून उत्तर देतच नाहीत. ॲलर्जी नसेल तर 'नोँ'. असेल तर 'सी' हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ 'आहे की, तुम्ही म्हणता तसं नाही'. उदाहरणार्थ 'सी, झ स्वी-ज़ालेर्झिक आ ला पेनिसिलीन'. इथे चुकून 'वी' निघून गेलं तर समोरच्याला तुम्हाला काय म्हणायचंय ते कळत नाही. म्हणून पूर्ण वाक्य म्हणायची सवय लावा: 'नोँ, झ न स्वी पा आलेर्झिक'.

मात्रा ऐकताना

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. 'तूत ले उइतर' म्हणजे दर आठ तासांनी, आणि 'आ उइतर' म्हणजे आठ वाजता. वेगात बोललं की दोन्हीतला 'उइतर' तेवढा कानावर पडतो. सुरुवातीचा 'तूत ले' ऐकू आला का, हे पाहायचं. दुसरी फसगत दिवसांची. 'पाँदाँ उइ झूर', शब्दशः आठ दिवस, म्हणजे फ्रेंच बोलण्यात एक आठवडा. आपल्याकडेही 'आठ दिवसांनी ये' म्हणजे आठवड्याने, त्यामुळे हे पटकन लक्षात राहील. तसंच 'कँज़ झूर' म्हणजे पंधरवडा, पण मोजून दोन आठवडे.

जेवणाशी संबंध तीन प्रकारे सांगतात: 'आव्हाँ ले रपा' जेवणाआधी, 'पाँदाँ ले रपा' जेवताना, 'आप्रे ले रपा' जेवणानंतर. 'आ झँ' म्हणाले तर उपाशीपोटी.

संवादातली मुलगी मात्रा स्वतःच्या तोंडाने परत म्हणून 'से ब्यँ सा?' विचारते, ते मुद्दाम ठेवलं आहे. कळलं नसताना मान डोलावून 'वी, वी' म्हणणं हा नवशिक्याचा सगळ्यात महाग पडणारा शिष्टाचार आहे. परत विचारण्यात काहीही कमीपणा नाही. खोक्यावर लिहून मागणंही इथे अगदी रोजचं आहे. बरेचदा तर ते न सांगताच पेनाने लिहून देतात.

शाकाहारी लोकांसाठी आणखी एक वाक्य. कॅप्सूलला 'झेल्युल' म्हणतात आणि तिचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. साधी गोळी 'कोँप्रिमे'. ती मुलगी म्हणेल: 'झ स्वी व्हेझेतार्येन. एस्क सा एग्ज़िस्त आँ कोँप्रिमे?' (मी शाकाहारी आहे. हे गोळीच्या रूपात मिळतं का?) मुलगा असेल तर 'व्हेझेतार्यँ', शेवट नाकातून. आणि गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कापून मागू नका. अशी औषधं इथे पूर्ण खोकंच विकत घ्यावी लागतात.

भूमिका बदलून सराव

पाठ केलेला संवाद खऱ्या दुकानात दोन मिनिटांत मोडतो, कारण प्रश्न वेगळ्याच क्रमाने येतात. म्हणून बाईंचे प्रश्न वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, आणि जोडीदाराने जी चिठ्ठी येईल ती विचारावी. दोन-तीन फेऱ्या झाल्या की रुग्ण बदला: 'पूर मोँ मारी' (नवऱ्यासाठी), 'पूर मोँ फिस द कात्राँ' (चार वर्षांच्या मुलासाठी). मुलाचं असेल तर वजन विचारतीलच, 'इल पेज़ कोँब्यँ?', कारण मुलांची मात्रा वजनावर ठरते. उत्तर किलोत तयार ठेवा.

मग तीन वेगळे प्रसंग खेळा, ज्यांत गोळी मिळून काम संपत नाही.

पहिला: ती मुलगी दहा दिवसांपूर्वीच पुण्याहून परतली आहे. प्रवासाच्या प्रश्नाला उत्तर येतं 'झ स्वी राँत्रे दँद इल्या दी झूर'. आता सगळा संवाद वळतो. भारतातून आल्यावर ताप आला तर डेंग्यू आणि मलेरिया तपासावे लागतात, आणि डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाई 'पा दिब्युप्रोफेन' म्हणतील आणि लगेच डॉक्टरांकडे पाठवतील. त्यांनी विचारलं नाही तरी हे वाक्य तुम्ही स्वतःहून म्हणा.

दुसरा: तिला अँटिबायोटिक हवं आहे. समोरून 'व्हू-ज़ाव्हे युन ओर्दोनाँस?' येईल, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी आहे का. नसेल तर नाही मिळणार, आग्रह करू नये. कोडीनचं खोकल्याचं औषध 2017पासून आणि स्युडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या 2024च्या डिसेंबरपासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. घशाच्या बाबतीत मात्र एक वाट आहे: 2024पासून प्रशिक्षण घेतलेले औषधतज्ज्ञ दुकानातच घशाची झटपट चाचणी करतात आणि ती जिवाणूंची निघाली तर अँटिबायोटिक देऊ शकतात. विचारायचं असं: 'एस्क व्हू फेत ल तेस्त पूर लाँझीन?' हा 'आँझीन' शब्द ऐकून छातीवर हात नेऊ नका. फ्रेंचमध्ये तो घशाचा संसर्ग आहे. हृदयाचा तो 'आँझीन द प्वात्रीन'.

तिसरा: दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. 'एस्क झ प्यो व्हू पार्ले आँ प्रिव्हे?' म्हणा (तुमच्याशी खासगीत बोलू का?). बाजूला नेऊन ऐकतात, बऱ्याच दुकानांत त्यासाठी वेगळी खोलीच असते.

विमा अजून झाला नसेल आणि पैसे नंतर प्रवासविम्याकडून मिळवायचे असतील तर निघण्याआधी 'झ प्यो आव्ह्वार युन फाक्त्युर, सिल व्हू प्ले?' म्हणून बिल मागून घ्या.

राहता राहिला रविवार. त्या दिवशी आणि रात्री बहुतेक दुकानं बंद असतात, छोट्या गावांत दुपारच्या जेवणालाही बंद करतात. पाळीने उघडं राहणारं एक दुकान असतं, 'फार्मासी द गार्द'. कुठलं ते 3237 या नंबरवर कळतं. बंद दुकानाच्या दारावर किंवा काचेवरही बहुधा लिहिलेलं असतं. शेजाऱ्याला विचारायचं तर 'बोँझूर, एक्सक्युज़े-म्वा, ऊ ए ला फार्मासी द गार्द, सिल व्हू प्ले?' श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस शुद्धीवर नसेल, तर दुकान शोधू नका. 15 किंवा 112 लावा आणि आधी पत्ता सांगा.